झकातीच्या आधी रुग्णालयाकडे अर्ज

रुग्णालयाच्या बिलाचा फोटो, त्याखाली रुग्णाच्या मुलाचा फोन नंबर आणि वर ‘फौरी मदद की दरख्वास्त’. आमच्या मोहल्ल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असा संदेश आला नाही असा महिना जात नाही. रमजानमध्ये तर दिवसाला दोन येतात. लोक देतात, मनापासून देतात. पाचशे, हजार, कुणी पाच हजार. दोन दिवसांत रक्कम उभी राहते, रुग्णालयाची बाकी फिटते आणि ग्रुपवर ‘अल्हम्दुलिल्लाह, बिल अदा हो गया’ असे येते. माझा आक्षेप या देण्यावर नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की हे पैसे गोळा करण्याआधी त्या रुग्णालयाला कुणी लेखी विचारले होते का, की यातले तुम्ही किती सोडणार आहात?

मी गेली काही वर्षे आमच्या मदत समितीत बिलांची कागदपत्रे पाहते. माझ्यासमोर येणाऱ्या बहुतेक कुटुंबांनी रुग्णालयाकडे अर्ज केलेला नसतो. काउंटरवर तोंडी विनंती केलेली असते. तिथल्या मुलाने ‘साहेबांना विचारतो’ म्हटलेले असते आणि शेवटी चार-पाच हजारांची सूट देऊन विषय मिटवलेला असतो. याहून वाईट म्हणजे काही ठिकाणी रुग्णालयच आमच्या माणसाला सांगते, ‘तुमच्यात झकात असते ना? तुमच्या जमातीकडून आणा.’ त्याच्या हातात मदत करणाऱ्या ट्रस्टची यादी दिली जाते. ती देणारा स्वतः एका धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयात बसलेला असतो, आणि त्या रुग्णालयाकडे गरीब रुग्णांसाठी राखलेला स्वतःचा निधी असतो. त्या निधीबद्दल मात्र यादीत काही लिहिलेले नसते.

एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात एका गर्भवती महिलेच्या मृत्यूनंतर अनामत रकमेवर राज्यभर चर्चा झाली. चांगले झाले. पण अनामत हा दारातला प्रश्न आहे. उपचार संपल्यावर, टाके ओले असताना, हातात येणाऱ्या बाकीच्या आकड्याबद्दल कुणी फारसे बोलत नाही. मोडलेले दागिने, सावकाराचे कर्ज आणि शाळेतून काढलेली मुलगी या सगळ्यांची सुरुवात त्या आकड्यापासून होते.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली ट्रस्टच्या रुग्णालयांवर एक बंधन आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये त्यासाठी एक योजना मंजूर केली आणि ती आजही लागू आहे. या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखायच्या आहेत. याशिवाय इतर रुग्णांच्या ढोबळ बिलाच्या २ टक्के रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’ म्हणून वेगळ्या खात्यात ठेवायची आहे. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न १,८०,००० रुपयांपर्यंत असेल तर रुग्ण निर्धन आणि ३,६०,००० रुपयांपर्यंत असेल तर दुर्बल घटकातला. ही मर्यादा पूर्वी बरीच कमी होती, म्हणून ‘आपण त्यात बसत नाही’ हे अनेकांच्या डोक्यात अजून पक्के आहे. दरमहा २५ हजार कमावणारा रिक्षावाला स्वतःला गरीब म्हणवून घ्यायला तयार नसतो. योजनेच्या हिशेबाने मात्र तो दुर्बल घटकात बसतो.

हा निधी रुग्णालयाच्या मालकाच्या खिशातून येत नाही. तो पैसे भरणाऱ्या रुग्णांच्या बिलांतून बाजूला काढलेला आणि गरीब रुग्णांवरच खर्च करायचा पैसा आहे. त्यामुळे त्यातून मागणे ही खैरात मागणे नव्हे. आणि जेव्हा आपण झकातीतून पूर्ण बिल भरतो, तेव्हा रुग्णालयाला त्या निधीला हात लावावा लागत नाही. गरिबाच्या नावाचा पैसा खात्यात पडून राहतो आणि दुसऱ्या गरिबाचा हिस्सा असलेली झकात रुग्णालयाला जाते.

मागच्या वर्षी आमच्याकडे आलेले एक प्रकरण सविस्तर सांगते. बहुतेक अडचणी त्यात आल्या होत्या.

आमच्या वस्तीत कपडे शिवणारे एक मास्टर आहेत. वय पन्नाशीच्या आसपास. हर्निया खूप दिवस अंगावर काढला आणि एका रात्री आतडे अडकले. जवळच्या ट्रस्टच्या रुग्णालयात नेले. तातडीचे ऑपरेशन झाले, आतड्याचा थोडा भाग काढावा लागला. चार दिवस अतिदक्षता विभागात आणि नंतर दोन खाटांच्या खोलीत काढले, कारण जनरल वॉर्डात जागा नाही असे सांगितले गेले. अंतिम बिल २,८६,४०० रुपयांचे झाले. भाभींनी दाखल करताना ५०,००० आणि नंतर आणखी ४०,००० भरले होते. बाकी १,९६,४०० रुपये. दोघांची कमाई मिळून महिन्याला अठरा हजार: मास्टर बारा, आणि भाभी साड्यांना फॉल-बिडिंग करून सहा.

भाभी आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांना झकातीतून पूर्ण रक्कम हवी होती. मास्टरांचा घोष एकच होता, ‘बाजी, रुग्णालयाशी वाद नको. त्यांनी जीव वाचवला.’ हे मी खूप वेळा ऐकते आणि त्यातली भावना खोटी नसते. पण डॉक्टरांचे उपकार मानणे आणि लेखा विभागाचे बिल तपासणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आम्ही सर्वप्रथम तपशीलवार बिल मागितले. काउंटरवर मिळते ते एका पानाचे असते: खोली, ऑपरेशन, औषधे, तपासण्या. त्यावरून काहीच कळत नाही. तारखेनिहाय बिल आठ पानांचे निघाले. त्यात दोन गोष्टी सापडल्या. ज्या दिवशी मास्टरांना अतिदक्षता विभागातून खोलीत हलवले, त्या दिवसाचे भाडे दोन्हीकडे लावले होते. शिवाय परत केलेल्या ६,३०० रुपयांच्या औषधांची वजावट झालेली नव्हती. परतीची पावती भाभींच्या पिशवीत होती. यात कुणी लबाडी केली असे मी म्हणत नाही. एवढ्या नोंदी होतात तिथे अशा चुका होतात. पण तपासल्याशिवाय त्या दुरुस्त होत नाहीत, आणि एकदा सवलतीचा अर्ज मंजूर झाला की मग मूळ बिलातली चूक ऐकून घ्यायला कुणी तयार नसते. म्हणून आधी बिल, मग सवलत, आणि सगळ्यात शेवटी हप्ते. हा क्रम उलटा केला की नुकसान होते.

त्या बिलातली खोलीच्या वर्गाची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. बऱ्याच मोठ्या रुग्णालयांत खोलीचा वर्ग बदलला की फक्त खाटेचे भाडे बदलत नाही. ऑपरेशन थिएटरचे, सर्जनचे, भूल देणाऱ्या डॉक्टरांचे, कधी तपासण्यांचेही दर त्या वर्गानुसार चढतात. ऑपरेशन तेच, डॉक्टर तेच, फक्त खोलीत दोन खाटा असल्यामुळे आकडा वेगळा. मास्टर खोली निवडायला गेले नव्हते, त्यांना तिथे ठेवले गेले. दुर्बल घटकातल्या रुग्णाचे बिल रुग्णालयाच्या सर्वात खालच्या वर्गाच्या दराने व्हायला हवे. औषधे, साहित्य आणि शरीरात बसवायचे भाग रुग्णालयाला ज्या किमतीला पडले त्या किमतीने लावायचे, आणि त्यातला निदान निम्मा खर्च रुग्णाने भरायचा. एवढे तीन बदल झाले की बिल किती खाली येते ते पुढे दिसेल.

आम्ही अर्ज वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे लिहिला. प्रत्येक धर्मादाय रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक असतो. कागद तोच तपासतो, म्हणून एक प्रत त्याला आणि एक लेखा विभागाला दिली. अर्ज लांब नव्हता. त्याचा मुख्य भाग असा होता:

‘माझे पती आपल्या रुग्णालयात दाखल होते. आपण दिलेल्या अंतिम बिलात एकूण २,८६,४०० रुपये, जमा ९०,००० रुपये आणि बाकी १,९६,४०० रुपये दाखवली आहे. आम्हा दोघांचे मिळून वार्षिक उत्पन्न सुमारे २,१६,००० रुपये आहे. दुसरे उत्पन्न, शेती किंवा आरोग्य विमा नाही. ऑपरेशननंतर पतींना दोन महिने शिलाई मशीन चालवण्यास डॉक्टरांनी मनाई केली आहे. त्यामुळे सध्या माझ्या एकटीच्या कमाईवर घर चालते. दाखल करताना दुर्बल घटकांच्या योजनेची माहिती आम्हाला मिळाली नव्हती. तरी आमचे बिल दुर्बल घटकाच्या दराने पुन्हा तयार करावे. बिलातील दोन नोंदींबद्दलची हरकत पावतीसह जोडली आहे. दुरुस्त बिलानंतर जी बाकी राहील, तीपैकी १०,००० रुपये आम्ही लगेच भरू आणि उरलेली रक्कम दरमहा ३,००० रुपयांप्रमाणे, बिनव्याजी, दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत भरू. तोपर्यंत वसुलीची कारवाई करू नये, ही विनंती.’

या मजकुरातली एक गोष्ट मुद्दाम दाखवते. ‘आम्ही आपले १,९६,४०० रुपये देणे लागतो’ असे त्यात कुठेही नाही. ‘आपण दिलेल्या बिलात दाखवली आहे’ असे आहे. फरक लहान वाटतो. पण देणे लागतो असे सही करून लिहून दिले की तो कर्जाचा लेखी स्वीकार होतो. उद्या रुग्णालय वसुलीसाठी गेले तर पहिला कागद तोच पुढे येतो, आणि बिल चुकीचे होते हे सांगणे अवघड होते. अनेक रुग्णालये डिस्चार्जच्या वेळी छापील हमीपत्र पुढे करतात, त्यात नेमके हेच वाक्य असते. तिथे सहीवर ‘बिलाच्या तपासणीच्या अधीन’ असे हाताने लिहायला कुणी अडवत नाही. निदान मी तरी अजून कुणाला अडवताना पाहिलेले नाही.

दुसरी गोष्ट, अर्जात रडगाणे नाही. आपले लोक अर्ज लिहितात तेव्हा दोन पाने दुःख लिहितात आणि आकडा लिहायला विसरतात. समाजसेवकाला टिपणी तयार करायची असते. त्याला उत्पन्न किती, घरात किती माणसे, कमावणारे किती, कमाई का थांबली आणि तुम्ही स्वतः किती भरू शकता, हे हवे असते. अर्जासोबत आम्ही आधार, रेशन कार्ड, भाड्याचा करार, डिस्चार्ज कार्ड, डॉक्टरांनी विश्रांतीबद्दल लिहिलेली चिठ्ठी आणि सहा महिन्यांचे बँक पासबुक जोडले. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला तेव्हा हातात नव्हता. सेतू केंद्रात अर्ज केल्याची पावती लावली आणि दाखला आल्यावर देऊ असे लिहिले. तो अकरा दिवसांनी आला. दाखल्यासाठी थांबून अर्जच न करणे ही नेहमी होणारी गफलत आहे. तोवर बिल ‘थकीत’ यादीत जाते आणि वसुलीचे फोन सुरू होतात.

अर्जाच्या आमच्या प्रतीवर तारखेसह पोचेचा शिक्का घेतला. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘शिक्क्याची काय गरज, साहेब बघतील.’ गरज असते.

तिसऱ्या दिवशी लेखा अधिकाऱ्यांनी भाभींना बोलावून सरळ १५,००० रुपये कमी करतो असे सांगितले. त्याबदल्यात ‘यापुढे कोणतीही मागणी करणार नाही’ या कागदावर सही हवी होती. भाभींना तो मोठा दिलासा वाटला, आणि वाटणारच. पंधरा हजार म्हणजे त्यांची अडीच महिन्यांची कमाई. पण मुठीने दिलेली सूट आणि योजनेप्रमाणे फेरबिल यांत मोठे अंतर आहे. सूट देणाऱ्याच्या मर्जीवर असते, फेरबिल नियमावर. भाभींनी सांगितले की अर्जावर निर्णय लेखी द्या, मग पाहू. त्यांचा आवाज थरथरत होता असे त्या नंतर हसत सांगत होत्या.

‘दाखल होतानाच सांगायला हवे होते, आता बिल झाले’ हे उत्तरही मिळाले. ते प्रत्येक ठिकाणी मिळते आणि त्यात थोडे तथ्य आहे. योजना दाखल होतानाच्या नोंदीवर चालते. रुग्ण गेल्यावर ती लावणे रुग्णालयाला गैरसोयीचे असते, त्यामुळे जितका उशीर तितकी शक्यता कमी. पण रात्री अडीच वाजता आतडे अडकलेल्या माणसाने उत्पन्नाचा दाखला काढून आणावा ही अपेक्षा कुणी करू शकत नाही. तातडीच्या रुग्णाला अशा रुग्णालयाने आधी दाखल करून स्थिर करायचे आहे. कागद त्यानंतर येतात. आम्ही हेच लिहिले. शिवाय सर्जनना भेटलो. त्यांनी अर्जावर स्वतःच्या हाताने आपली फी खालच्या वर्गाच्या दराने घ्यावी असा शेरा लिहिला. डॉक्टरांकडे थेट जाण्याचा संकोच बाळगू नये. ट्रस्टच्या रुग्णालयातही अनेक डॉक्टरांची फी त्यांची स्वतःची असते आणि ती सोडण्याचा अधिकार त्यांनाच असतो. लेखा विभाग ती त्यांना विचारल्याशिवाय कमी करत नाही.

तिसऱ्या आठवड्यात फेरबिल आले. एकूण १,३६,००० रुपये. ९०,००० जमा होतेच, म्हणजे बाकी ४६,०००. सर्वांत मोठा फरक औषधांत पडला. परतीची वजावट होऊन ७२,२०० रुपये उरत होते. खरेदीच्या किमतीने ते ५२,००० झाले आणि त्यातले निम्मे, २६,०००, मास्टरांच्या वाट्याला आले. उरलेले निधीतून गेले. बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवलेल्या तपासण्यांचे पैसे मात्र कमी झाले नाहीत. पूर्ण माफीही मिळाली नाही, कारण उत्पन्न १,८०,००० च्या वर होते. मला विचाराल तर हे बरोबरच आहे. उत्पन्न खोटे कमी दाखवून निर्धन गटात घुसण्याचा सल्ला देणारे एजंट रुग्णालयांबाहेर असतात. पासबुक आणि दाखला यांत फरक दिसला की पूर्ण अर्ज फेटाळला जातो, आणि पुढच्या खऱ्या अर्जदारावरही संशय येतो.

आता हप्त्यांबद्दल. ३,००० हा आकडा आम्ही घराचा खर्च लिहून काढला होता: भाडे, किराणा, दोन मुलांची फी, मास्टरांची औषधे. मास्टर पुन्हा मशीनवर बसल्यावर महिन्याकाठी साडेतीन-चार हजार उरतील असे दिसत होते. त्यातला थोडा श्वास राखून तीन मागितले. भावनेच्या भरात पाच हजार कबूल करणारे लोक तिसऱ्या महिन्यात चुकतात. एक हप्ता चुकला की करार मोडला असे धरून पूर्ण रक्कम एकदम मागितली जाते. कमी मागा आणि नेमाने भरा, हेच दोघांच्या फायद्याचे आहे. दहा हजार लगेच, उरलेल्या ३६,००० चे बारा हप्ते. रुग्णालयाला आठ हप्ते हवे होते. पहिली रक्कम अर्जाच्या दिवशीच भरायची तयारी दाखवल्यामुळे ते बारावर आले, असा माझा अंदाज आहे.

धनादेश हा यातला खरा धोका. हप्त्यांची हमी म्हणून रुग्णालये पुढच्या तारखांचे धनादेश मागतात, काही ठिकाणी तर एक कोरा सही केलेला धनादेश. खात्यात पैसे नसताना धनादेश परत गेला तर चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी तक्रार होऊ शकते. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा धनादेशाच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड आहे. म्हणजे जे साधे दिवाणी देणे होते, त्याचे आपण सही करून फौजदारी प्रकरण बनवतो. आम्ही धनादेश दिले नाहीत, ऑनलाइन भरणा आणि प्रत्येक वेळी पावती असे लिहून घेतले. रुग्णालय अडूनच बसले तर हप्त्याच्या रकमेचे, तारीख लिहिलेले धनादेश द्यावेत आणि त्यांचे क्रमांक करारपत्रावर नोंदवून घ्यावेत. कोरा धनादेश कुठल्याही कारणासाठी देऊ नये. शेवटचा हप्ता भरल्यावर ‘बाकी नाही’ असे पत्र घ्यायचे. ते नसेल तर दोन वर्षांनी एखाद्या वसुली एजन्सीचा फोन येतो आणि पावत्या शोधत बसावे लागते.

बाकी राहिली म्हणून रुग्णाला घरी जाऊ न देणे किंवा मृतदेह अडवणे, याला कायद्याचा आधार नाही. रुग्ण हक्कांच्या सनदेत हे स्पष्ट आहे आणि मुंबई उच्च न्यायालयानेही बिलासाठी रुग्णाला अडवणे बेकायदा असल्याचे म्हटले आहे. रुग्णालयाला पैसे वसूल करायचे असतील तर त्यासाठी दिवाणी मार्ग आहे. तरीही कुणाला अडवले जात असेल तर वाद घालत बसण्यापेक्षा डिस्चार्जची मागणी लेखी द्यावी आणि पोलिसांना कळवावे. एक लेखी ओळ गेली की बहुतेक वेळा दार उघडते.

हे सगळे ट्रस्टच्या रुग्णालयाला लागू आहे. बिलावर किंवा पावतीवर ट्रस्टचा नोंदणी क्रमांक छापलेला असतो, तो पाहावा. एखाद्या डॉक्टरच्या मालकीच्या खासगी रुग्णालयावर ही योजना बंधनकारक नाही. तिथे बिलाची तपासणी, डॉक्टरांना थेट विनंती आणि हप्ते एवढेच हातात असते, आणि माझ्या अनुभवात लहान रुग्णालये हप्त्यांना मोठ्यांपेक्षा लवकर तयार होतात, कारण त्यांना मोहल्ल्यात राहायचे असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि मुख्यमंत्री सहाय्यता निधी यांबद्दलही लोक विचारतात. या दोन्ही गोष्टी उपचार चालू असतानाच मार्गी लावाव्या लागतात. घरी आल्यावर भरलेल्या बिलाची परतफेड त्यातून होत नाही. म्हणून कुणी अजून दाखल असेल तर आजच चौकशी करा, डिस्चार्जची वाट पाहू नका.

धर्मादाय रुग्णालयाने अर्जाला उत्तर दिले नाही किंवा कारण न देता नाकारले, तर जिल्ह्याच्या धर्मादाय सहआयुक्त किंवा उपायुक्त कार्यालयात तक्रार करता येते. तिथे वकील लागत नाही. पोचेचा शिक्का असलेला अर्ज, तपशीलवार बिल, उत्पन्नाचा दाखला आणि रुग्णालयाचे उत्तर, किंवा उत्तर आले नाही असे एक वाक्य, एवढे पुरते. ‘निधी संपला’ असे उत्तर असेल तर ते लेखी मागावे. रुग्णालयाला या निधीचा हिशेब त्याच कार्यालयाकडे द्यावा लागतो, त्यामुळे लेखी लिहिलेले तिथे ताडून पाहता येते. कधी निधी खरोखर संपलेला असतो. मोठ्या शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयांत दोन टक्के लवकर संपतात. अशा वेळी झकातीचा दरवाजा ठोठावणे योग्यच आहे.

कारण झकातीच्या आठ हकदारांत कर्जात बुडालेला माणूस आहेच, आणि अडचणीतल्या कर्जदाराला सवड द्यावी, माफ केले तर अधिक चांगले, ही शिकवण सूरह बकरहमध्ये आहे. आपण ती एकमेकांना सांगतो, पण रुग्णालयाकडे सवड मागायची वेळ आली की आपल्याला लाज वाटते. मास्टरांच्या ४६,००० पैकी पहिले दहा हजार आमच्या समितीने दिले आणि हप्ते ते स्वतः भरत आहेत. एक लाख शहाण्णव हजारांची झकात त्या एका घरात गेली असती. ती वाचली म्हणून त्याच महिन्यात डायलिसिसवर असलेल्या एका मुलीचा आणि एका विधवेच्या भाड्याचा विचार करता आला.

यातूनच आमच्या समितीने मदतीच्या अर्जात तीन प्रश्न वाढवले. रुग्णालय ट्रस्टचे आहे का? तपशीलवार बिल घेतले का? सवलतीच्या अर्जाची पोच आहे का? तिसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असेल तर आम्ही माणसाला परत पाठवत नाही. त्याच्या शेजारी बसून तो अर्ज लिहितो, दुसऱ्या दिवशी एक स्वयंसेवक त्याच्यासोबत रुग्णालयात जातो, आणि आमची रक्कम रुग्णालयाचे लेखी उत्तर आल्यावर ठरते. यावर काहींनी नाराजी व्यक्त केली, मदत करायची तर अटी कशाला, म्हणून. औषधे अडली असतील तर त्याचे पैसे आम्ही त्याच दिवशी देतो, तिथे अट नाही. अट आहे ती रुग्णालयाच्या बाकीला, आणि शहरातल्या इतर जमातींनी आणि बैतुलमालांनीही ती लावावी असे मला वाटते. चार मोठ्या संस्थांनी एकाच रुग्णालयाकडे ‘तुमचा हिस्सा किती?’ असे पत्र पाठवायला सुरुवात केली, तर हातात यादी देणाऱ्या त्या समाजसेवकाला आधी आपल्याच खात्यात पाहावे लागेल.